सल्लागार मंडळ सोडताना: ३२० शेअर, १६० शेअर आणि पाळायची गुपितं

तुर्भे आणि तळोज्याच्या शीतगृहांना तापमानावर नजर ठेवणारी यंत्रणा पुरवणाऱ्या एका लहान कंपनीच्या सल्लागार मंडळावर मी साधारण दीड वर्ष होतो. कंपनीचं ऑफिस महाप्याला, मी ठाण्याचा. महिन्यातून दोन बैठका आणि अधूनमधून फोन, एवढंच काम. मोबदला म्हणून पैसे नव्हते, शेअरचा हक्क होता. बाहेर पडायचं ठरल्यावर वाटलं होतं, एक राजीनाम्याचा मेल टाकला की झालं. प्रत्यक्षात मेल ते शेवटची सही यात सात आठवडे गेले. ते कशात गेले, ते लिहून ठेवतो.

पहिल्यांदा एक खात्री करून घ्यावी लागते. सल्लागार मंडळाचा सदस्य हा कंपनी कायद्यातला संचालक नव्हे. त्याला डीआयएन, म्हणजे संचालकाचा ओळख क्रमांक, लागत नाही, त्याच्या जाण्याची सूचना कंपनी निबंधकाकडे जात नाही, सगळा संबंध फक्त कराराचा असतो. तरी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या एमसीए पोर्टलवर कंपनीच्या माहितीत सह्या करणाऱ्यांच्या यादीत आपलं नाव चुकून संचालक म्हणून चढलेलं नाही ना, हे बघून घ्यावं. चढलं असेल तर बाहेर पडण्याचा रस्ता पूर्ण वेगळा आहे. माझं नव्हतं, त्यामुळे करार हाच एकमेव कागद होता.

करारात लिहिलं होतं ते असं. एकूण ४८० शेअरचा हक्क, किंमत दर्शनी मूल्याएवढी म्हणजे शेअरला १० रुपये. व्हेस्टिंग, म्हणजे हक्क टप्प्याटप्प्याने पक्का होणं, २४ महिन्यांत, दर पूर्ण महिन्याला २० शेअर. पहिले तीन महिने क्लिफ, म्हणजे त्याआधी गेलो तर शून्य. सुरुवात १० एप्रिल २०२४. कोणत्याही बाजूने सोडायचं तर ३० दिवसांची लेखी नोटीस.

मी नोटीस मेलवर दिली २८ जुलै २०२५ ला. तीस दिवस धरले की शेवटचा दिवस २७ ऑगस्ट. आता किती शेअर व्हेस्ट झाले? इथेच पहिला फरक पडला. कंपनीच्या हिशोबात मेल आला त्या दिवशी घड्याळ थांबलं. तोवर १० जुलैला १५ महिने पूर्ण झाले होते, म्हणून १५ गुणिले २०, असे ३०० शेअर. माझ्या हिशोबात नोटीसच्या काळातही करार चालूच होता, आणि १० ऑगस्टला सोळावा महिना भरला. म्हणून ३२०. फरक २० शेअरचा. आकडा लहान आहे, पण पायंडा मोठा आहे, कारण सहा महिन्यांची नोटीस असलेल्या सल्लागाराला हाच फरक सहा महिन्यांचा पडतो.

निकाल करारातल्या एका शब्दावर लागला. व्हेस्टिंग कधी थांबतं त्या कलमात "समाप्तीच्या तारखेला" असं होतं, "नोटीस दिल्याच्या तारखेला" असं नव्हतं. आणि समाप्तीची तारीख म्हणजे नोटीसचा शेवटचा दिवस, ही व्याख्या वरच दिलेली होती. संस्थापक मुलगा समजूतदार आहे, त्याला कलम दाखवलं तर म्हणाला, "सर, टेम्पलेट मी तसंच उचललं होतं, वाचलं नव्हतं." ३२० मान्य झाले. १० ऑगस्टनंतरचे १७ दिवस मात्र गेले, कारण करार पूर्ण महिन्यांचा होता, दिवसांचा नव्हता. तेही बरोबरच आहे. तारीख हातात असेल तर मासिक व्हेस्टिंगच्या दिवसानंतर लगेच बाहेर पडावं, आधी नाही. मी नोटीस १२ ऑगस्टला दिली असती तर ११ सप्टेंबर आला असता आणि सतरावा महिना मिळाला असता.

उरलेले १६० शेअर व्हेस्ट झालेले नाहीत. त्यांच्याबद्दल मला काही मागायचं नव्हतं, पण ते "आपोआप रद्द" झाले हे लेखी हवं होतं, आणि ते कंपनीलाही तितकंच हवं असतं. कारण पुढच्या गुंतवणूकदाराचा वकील कॅप टेबल, म्हणजे कोणाचे किती शेअर याचा तक्ता, उघडतो तेव्हा सल्लागारांच्या ओळीत ४८० दिसतात आणि तो पहिला प्रश्न तोच विचारतो. १६० वर कोणाचा हक्क नाही, ते राखून ठेवलेल्या शेअरच्या पूलमध्ये परत गेले, असं वाक्य नसेल तर दोन वर्षांनी सहीसाठी शोधत येतात.

अजून एक गाठ टक्क्यांची होती. करारात ४८० असा आकडा होता, पण करार होण्याआधीच्या मेलमध्ये संस्थापकाने "०.५ टक्के" असं लिहिलं होतं. तेव्हा सगळे शेअर आणि सगळे हक्क मिळून ९६,००० होते, त्यामुळे दोन्ही एकच होतं. मधल्या काळात एक गुंतवणूक आली आणि एकूण आकडा १,२०,००० झाला. आता ४८० म्हणजे ०.४ टक्के. मेल धरला तर ६०० हवेत, करार धरला तर ४८०. करारात शेवटी "हा करार आधीच्या सर्व बोलण्यांच्या जागी" अशी ओळ होती, म्हणून ४८० हाच आकडा टिकला. मला ते योग्य वाटतं. टक्केवारीचं वचन दिलं तर दर गुंतवणुकीला ते कोणीतरी भरून द्यावं लागतं, आणि भरतात ते संस्थापक. पण उलट बाजूही आहे. कंपनीने बोनस शेअर दिले किंवा शेअरचे तुकडे केले, तर व्हेस्ट झालेला हक्कही त्याच पटीत वाढला पाहिजे. हक्क शेअरधारकांच्या नोंदवहीत नसतो, त्यामुळे बोनस त्याला आपोआप लागत नाही. ही ओळ आमच्या मूळ करारात नव्हती, बाहेर पडतानाच्या पत्रात घालून घेतली.

इथपर्यंत मोजणी. खरा पेच पुढे होता: हे ३२० नेमके काय आहेत?

करार एका अमेरिकन नमुन्यावरून उतरवलेला होता. त्यात सल्लागाराला "ऑप्शन" दिले होते. भारतात खासगी कंपनीची कर्मचारी ऑप्शन योजना कंपनी कायदा २०१३ च्या कलम ६२(१)(ब) आणि शेअर भांडवलाच्या नियम १२ खाली चालते. त्या नियमात कर्मचारी कोण, हे लिहिलेलं आहे: कंपनीचा कायम कर्मचारी, संचालक (स्वतंत्र संचालक सोडून), आणि धारक कंपनी किंवा उपकंपनीतले तसेच लोक. बाहेरचा सल्लागार त्यात बसत नाही. म्हणजे माझा "ऑप्शन" त्या योजनेतून कधीच निघू शकत नव्हता. माझ्याकडे होता तो फक्त करारातून आलेला हक्क, आणि तो पुरा कसा करायचा हे करारात कुठेच नव्हतं. असे करार ठाण्यात, ऐरोलीत, वाशीत ढिगाने आहेत. चालू असताना कोणाला त्रास होत नाही, बाहेर पडताना होतो.

कंपनीच्या सीएस, म्हणजे कंपनी सेक्रेटरी, मॅडमनी तीन वाटा मांडल्या. पहिली, कंपनीने मला नवे शेअर द्यायचे. हे कलम ६२(१)(क) खाली होतं, त्याला विशेष ठराव लागतो, नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल लागतो, आणि शेअरची किंमत त्या अहवालातल्या किमतीपेक्षा कमी ठेवता येत नाही. मूल्यांककाचा आकडा शेअरला १,२०० रुपये होता. म्हणजे ज्यासाठी मी ३,२०० रुपये भरणार होतो, त्याला ३,८४,००० भरावे लागले असते. वचन तिथेच मोडतं.

दुसरी वाट, संस्थापकाने स्वतःच्या शेअरमधून मला ३२० हस्तांतर करायचे. हे करता येतं. पण शेअर वाजवी किमतीपेक्षा स्वस्त मिळाले आणि फरक ५०,००० च्या वर गेला, तर तेव्हा लागू असलेल्या १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ५६(२)(एक्स) प्रमाणे तो पूर्ण फरक माझं उत्पन्न धरला गेला असता. किंमत तीच १,२०० धरली तर फरक ३,८०,८००. तीस टक्क्यांच्या पट्टीत साधारण १ लाख १४ हजार कर आणि वर सेस, आणि हातात विकता न येणारे खासगी कंपनीचे कागद. शिवाय गुंतवणूकदारांच्या करारात संस्थापकाचे शेअर हलवायला त्यांची संमती लागत होती.

तिसरी वाट आम्ही घेतली. ३२० चा हक्क आभासी शेअरमध्ये बदलला, ज्याला फँटम म्हणतात. प्रत्यक्ष शेअर मिळत नाही, मतदान नाही, लाभांश नाही. कंपनी विकली गेली किंवा तिचा बहुसंख्य हिस्सा दुसऱ्याकडे गेला की त्या व्यवहारातल्या शेअरच्या किमतीतून १० रुपये वजा करून, गुणिले ३२०, एवढे पैसे कंपनी मला देते. उद्या व्यवहार २,००० ला झाला तर १,९९० गुणिले ३२०, म्हणजे ६,३६,८००. कर पैसे मिळतील तेव्हा, टीडीएस तिथेच कापला जातो. आज खिशातून काही जात नाही.

फँटममध्ये चुकतं ते "व्यवहार" या शब्दाच्या व्याख्येत. पहिल्या मसुद्यात फक्त शंभर टक्के विक्री होती. मग कोणी ७० टक्के घेतले तर मला काही नाही. तसंच कंपनीचा धंदा आणि सॉफ्टवेअर विकून नुसती रिकामी कंपनी ठेवली तरी काही नाही. दोन्ही शक्यता लिहून घेतल्या. मुदतही घालून घेतली. सात वर्षांत असं काही घडलं नाही तर हक्क संपतो, हे मी मान्य केलं, कारण कंपनीला अनंत काळ माझं ओझं वाहायला लावणं योग्य नाही. मात्र मूळ करारात "समाप्तीनंतर ९० दिवसांत हक्क वापरावा, नाहीतर गेला" अशी ओळ होती. ती अमेरिकन कर नियमांमुळे पडलेली सवय आहे, इथे तिचं काही कारण नव्हतं, आणि ज्या हक्कासाठी कंपनी शेअर देऊच शकत नाही त्याला ९० दिवसांची मुदत म्हणजे हक्क नसल्यासारखंच. ती ओळ काढली.

आता पत्र. कंपनीकडून आलेला पहिला मसुदा दीड पानांचा होता. पहिल्या परिच्छेदात आभार. दुसऱ्या परिच्छेदात चार ओळींचं एक वाक्य: सल्लागार कंपनीवरचे "भूत, वर्तमान आणि भविष्यातील सर्व दावे" सोडून देत आहे. तिसऱ्यात ३२० चा उल्लेख. म्हणजे दुसऱ्या परिच्छेदाने जे काढून घेतलं त्याची तिसऱ्यात फक्त आठवण होती. हे मुद्दाम केलेलं नव्हतं. कर्मचाऱ्यांच्या फुल अँड फायनलचं पत्र घेऊन नाव बदललं होतं. पण न्यायालयात हेतू कोणी विचारत नाही, शब्द वाचतात. दुरुस्ती एका तुकड्याची होती: "या पत्रातील परिच्छेद ३ मधील हक्क वगळून." तो तुकडा त्याच वाक्यात हवा, खाली कुठेतरी नको. बाकी दावे सोडायला माझी हरकत नव्हती, आणि तसंच कंपनीनेही माझ्यावरचे दावे सोडावे, असं दुतर्फा करून घेतलं, गोपनीयतेचे सोडून.

पत्र ५०० रुपयांच्या मुद्रांकावर केलं. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून आधीच्या १०० च्या जागी ५०० लागतात, आणि कित्येकांच्या टेबलाच्या खणात अजून जुने शंभराचे पेपर पडून आहेत. सोबत संचालक मंडळाच्या ठरावाची प्रमाणित प्रत मागितली, ज्यात ३२० मान्य, १६० रद्द, आणि सही कोण करणार हे तिन्ही होतं. नुसत्या संस्थापकाच्या सहीवर पुढच्या मालकाने "आम्हाला माहीत नाही" म्हणू नये म्हणून.

गोपनीयतेचा भाग लोक शेवटी वाचतात. मला तो सगळ्यात जास्त वेळ घेणारा वाटला, कारण मी त्याच क्षेत्रात दुसऱ्या कंपनीला सल्ला देणार होतो आणि ते मी लपवलं नव्हतं.

दोन गोष्टी इथे एकमेकींत मिसळतात. स्पर्धकाकडे जाऊ नका ही एक, आणि आमची गुपितं सांगू नका ही दुसरी. पहिलीबद्दल भारतीय करार कायदा १८७२ चं कलम २७ सरळ आहे: धंदा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. संबंध संपल्यानंतरची बंदी सहसा टिकत नाही. संबंध चालू असतानाची टिकू शकते, आणि त्यावरचा गाजलेला निकाल आपल्याच भागातला आहे. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये टायर कॉर्डच्या कारखान्यात पाच वर्षांच्या करारावर आलेले गोलिकरी मुदतीआधीच राजस्थानातल्या दुसऱ्या कारखान्यात गेले. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यावरची बंदी उचलून धरली, कारण ती कराराच्या मुदतीपुरती होती आणि परदेशी तंत्राची गुप्तता त्यात गुंतलेली होती. माझ्या मसुद्यात समाप्तीनंतर एक वर्ष "शीतगृह क्षेत्रात कोणालाही सल्ला देऊ नये" असं होतं. ते मी काढायला सांगितलं, आणि त्याच वेळी गोपनीयतेचं कलम अधिक घट्ट करून दिलं. दोन्ही मागण्या एकदम गेल्या म्हणून वाद झाला नाही.

घट्ट म्हणजे काय? "सर्व माहिती गोपनीय" असं कलम प्रत्यक्षात कोणालाच उपयोगी नाही. मी दोन याद्या केल्या. फ्रोझन मालाला उणे १८ अंश लागतात, आंबा फार थंड ठेवला तर काळा पडतो, दार उघडं राहिलं की आत तापमान चढतं, हे माझं जुनं ज्ञान आहे आणि क्षेत्रातल्या कोणालाही माहीत आहे. ते मी कुठेही वापरणार. कंपनीचं काय आहे? शीतयंत्र ठरावीक वेळाने डीफ्रॉस्टला जातं, तेव्हा कॉइलवरचं बर्फ वितळतं आणि थोडा वेळ तापमान वर जातं. दार उघडं राहिल्यावरही वर जातं. साध्या यंत्रणा दोन्हीला सारखाच अलार्म देतात, मग रात्री तीनदा फोन वाजतो आणि चौथ्या वेळी कोणी उचलत नाही. या कंपनीने चढत्या रेषेच्या आकारावरून डीफ्रॉस्ट ओळखायची पद्धत बसवली, आणि कुठल्या प्रकारच्या खोलीला किती मिनिटं थांबायचं याचा तक्ता केला. तो तक्ता मी पाहिला आहे. तो त्यांचा आहे. तसंच कुठलं शीतगृह सेन्सरमागे महिन्याला किती देतं, आणि गुंतवणूकदाराशी झालेल्या अटी.

तक्त्यासारख्या तांत्रिक गोष्टी गुप्त आहेत तोवर बंधन राहील, आणि दर व ग्राहकांची माहिती तीन वर्षं. तीन वर्षांनी दर बदललेलेच असतात, तक्ता मात्र तसाच राहू शकतो. कोर्टाने किंवा सरकारी खात्याने मागितलं तर देता येईल, पण शक्य असल्यास आधी कंपनीला कळवून. आणि एक ओळ दोन्ही बाजूंना महत्त्वाची: गोपनीयता ३२० शी बांधलेली नाही. फँटमचे पैसे मिळोत न मिळोत, गुपितं पाळायचीच. त्याचप्रमाणे कंपनी केवळ संशयावर ३२० थांबवू शकत नाही, भंग सिद्ध झाला पाहिजे. मसुद्यात "कंपनीच्या मते भंग झाल्यास हक्क जप्त" असं होतं. "कंपनीच्या मते" हे दोन शब्द काढले.

कागद परत देण्याच्या कलमात "माझ्याकडे कोणतीही प्रत उरलेली नाही" असं लिहून मागतात. घाईत सही करू नये, कारण ते बहुधा खरं नसतं. मी शोधत बसलो तेव्हा कुठे काय निघालं बघा. ड्राइव्हवरच्या अकरा फाइल, ज्या मला शेअर केल्या होत्या. व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेले स्क्रीनशॉट, जे फोनच्या गॅलरीत आपोआप उतरले आणि तिथून फोटोंच्या बॅकअपला गेले. त्यातला एक स्क्रीनशॉट त्या मिनिटांच्या तक्त्याचा होता. एका वहीत दरांच्या नोंदी. ड्राइव्हचा प्रवेश कंपनीने काढला आणि तारखेसह मेल पाठवला. मी काढला असं मी म्हणण्यापेक्षा त्यांनी काढला हे जास्त टिकतं. गॅलरी आणि बॅकअप दोन्हीकडून फोटो पुसले, पुसलेल्यांच्या टोपलीतूनही. वहीची ती पानं महाप्याला नेऊन दिली. पत्रात शब्द बदलून घेतले: "माझ्या माहितीप्रमाणे प्रत नाही, स्वयंचलित बॅकअपमध्ये राहिलेली असल्यास ती वापरली जाणार नाही."

पण सगळंच पुसायचं नसतं. करार, व्हेस्टिंगचा तक्ता, नोटीसचा मेल आणि त्याचं उत्तर, अंतिम पत्र, ठरावाची प्रत, हे स्वतःकडे ठेवण्याचा हक्क त्याच कलमात लिहून घ्यावा. नाहीतर सात वर्षांनी कंपनी विकली गेली आणि नवा मालक विचारू लागला, तर आपण आपलाच पुरावा गोपनीयतेच्या नावाखाली नष्ट केलेला असतो.

शेवटी नाव. वेबसाइट, गुंतवणूकदारांना दाखवायची स्लाइड, माहितीपत्रक, सगळीकडून १५ दिवसांत नाव आणि फोटो काढायचे असं ठरलं. वेबसाइटवरून दुसऱ्या दिवशी गेलं. स्लाइडमधून जायला महिना लागला, कारण तिच्या चार आवृत्त्या चार जणांकडे होत्या. तळोज्याच्या एका ग्राहकाने मला फोन करून नव्या दरांबद्दल विचारलं तेव्हा कळलं की त्याच्याकडे जुनी स्लाइड आहे. त्याला सांगितलं की मी आता तिथे नाही, दरांबद्दल मी बोलू शकत नाही, आणि संस्थापकाचा नंबर दिला. त्याच संध्याकाळी कंपनीला दोन ओळींचा मेल टाकला की असा फोन आला होता आणि मी काय उत्तर दिलं. तो मेलही आता त्याच फाइलमध्ये आहे.

सप्टेंबरच्या मध्याला सीएस मॅडमनी कॅप टेबलची माझी ओळ तेवढी पाठवली, बाकीच्या ओळी झाकून. सल्लागार, मंजूर ४८०, व्हेस्ट ३२०, रद्द १६०, स्वरूप फँटम, मुदत २६ ऑगस्ट २०३२.